‘असं ठरलंच नव्हतं’: निर्णय आणि कामं पक्की करणारी मिनिट्स

प्रश्न: आमच्या प्रोजेक्ट टीमची दर मंगळवारी मीटिंग असते आणि मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे आहे. मी जमेल तेवढं सगळं लिहून घेते, दोन-तीन पानं होतात. तरी पुढच्या मीटिंगला ‘असं ठरलंच नव्हतं’ आणि ‘हे काम माझ्याकडे नव्हतं’ यातच वेळ जातो. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे नेमकं लिहायचं कसं?

उत्तर: मीटिंग संपल्यावर जागेवर बसून मिनिट्स लिहायला घेतलीत, तर तोपर्यंत उशीर झालेला असतो. बोलण्याच्या ओघात निर्णय क्वचितच पूर्ण वाक्यात येतो. कुणीतरी ‘चालेल’ म्हणतं, दोघं मान डोलावतात आणि विषय पुढे सरकतो. त्या ‘चालेल’चा अर्थ प्रत्येकाच्या मनात थोडा वेगळा असतो, आणि आठवडाभरात तो फरक वाढत जातो. म्हणून निर्णयाचं वाक्य मीटिंग चालू असतानाच, सगळ्यांच्या समोर तयार व्हायला हवं. ते तयार करून घेणं हेच मिनिट्स लिहिणाऱ्याचं खरं काम आहे. टायपिंग त्यानंतर येतं.

एक प्रसंग घेऊन बघू. नावं फक्त उदाहरणापुरती आहेत. एक टीम ग्राहकांची माहिती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवते आहे. नवी प्रणाली शनिवारी, २८ जून २०२५ रोजी सुरू करायची आहे. आज मंगळवार, १० जून. मीना प्रोजेक्ट मॅनेजर आहे, सुहास डेटाचं काम बघतो आणि रेखाकडे टेस्टिंग आहे. जुन्या माहितीत एकाच ग्राहकाच्या दोन-दोन नोंदी असल्याचं लक्षात आलं आहे.

मीना: दुबार नोंदींचं काय करायचं?
सुहास: सगळ्या साफ करायच्या म्हटलं तर दोन आठवडे जातील. मग टेस्टिंगला वेळच उरत नाही, अठ्ठावीस तारीख हुकेल.
रेखा: पण तशाच हलवल्या तर एकाच ग्राहकाला दोनदा बिल जाईल. त्याला मी होकार देणार नाही.
सुहास: मग गेल्या तीन वर्षांत व्यवहार झालेत तेवढेच ग्राहक आता घेऊ. तेवढ्या नोंदी दोन-तीन दिवसांत साफ होतात. बाकीच्या जुन्या प्रणालीतच राहू देत.
मीना: चालेल. पण मग जुनी प्रणाली निदान बघण्यापुरती चालू ठेवावी लागेल. सर्व्हर टीमला विचारायला हवं.
रेखा: आणि अकाउंट्सला हे चालेल का तेही.
मीना: हो, ते बघून घेऊ. सुहास, तू यादी काढशील ना?
सुहास: हो, करतो या आठवड्यात.

याची मिनिट्स बहुतेक ठिकाणी अशी लिहिली जातात: ‘दुबार नोंदींबाबत सविस्तर चर्चा झाली. डेटा टप्प्याटप्प्याने हलवण्याचे ठरले. सुहास यादी तयार करतील. सर्व्हर टीम व अकाउंट्स यांच्याशी समन्वय साधावा. जबाबदारी: सर्व संबंधित. मुदत: लवकरात लवकर.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी २८ तारखेच्या आधी या प्रोजेक्टचं नुकसान होऊ शकेल अशा चार जागा यात झाकल्या गेल्या आहेत. ‘गेल्या तीन वर्षांत’ म्हणजे कुठल्या तारखेपासून? व्यवहार म्हणजे फक्त बिल, की नुसती चौकशीही? मीनाचं ‘चालेल’ पक्कं होतं, की अकाउंट्सच्या होकारावर अवलंबून होतं? आणि सर्व्हर टीमला विचारणार कोण? त्या टीमचं तर मीटिंगला कुणीच नव्हतं.

अशा वेळी पुढचा विषय सुरू होण्याआधी तुम्ही बोललं पाहिजे. ‘निर्णय काय लिहू?’ असं मोकळं विचारू नका, त्यावर पुन्हा चर्चाच सुरू होते. तुम्हाला समजलेलं वाक्य वाचून दाखवा आणि त्यातल्या अडलेल्या जागा पुढे ठेवा. उदाहरणार्थ: ‘मी असं लिहिते आहे. २८ जूनला फक्त १ जून २०२२ पासून पुढे किमान एक बिल झालेले ग्राहक नव्या प्रणालीत घ्यायचे. तारीख आणि बिलाचा निकष बरोबर आहे का? आणि हे आजच पक्कं आहे, की अकाउंट्सचा होकार आल्यावर?’ वाक्य चुकीचं असेल तर लोक लगेच दुरुस्त करतात. समोर ठोस काही ठेवलं की दुरुस्ती सोपी जाते, कोऱ्या प्रश्नाला मात्र सगळे गप्प बसतात. या वाचनाला अर्धं मिनिट लागतं. बऱ्याचदा याच अर्ध्या मिनिटात कळतं की दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींना ‘चालेल’ म्हणत होती.

या प्रसंगात उत्तरं अशी आली असं धरू. तारीख बरोबर आहे. निकष बिलाचाच. निर्णय मीनाचा, पण अकाउंट्सच्या होकारावर अवलंबून. मग लेखी नोंद अशी होते:

निर्णय ७: २८ जून रोजी फक्त १ जून २०२२ पासून पुढे किमान एक बिल झालेले ग्राहक नव्या प्रणालीत घ्यायचे. उरलेल्या नोंदी जुन्या प्रणालीत राहतील; त्या पाहता येतील, बदलता येणार नाहीत.
कारण: सर्व नोंदी साफ करण्यास दोन आठवडे लागतील व २८ जून हुकेल. साफ न करता हलवल्यास एका ग्राहकाला दोन बिले जाण्याचा धोका.
अट: अकाउंट्सचा लेखी होकार १६ जूनपर्यंत. तो न आल्यास १७ जूनच्या मीटिंगमध्ये फेरविचार.
निर्णय कोणाचा: मीना.

काम २१: अकाउंट्सच्या प्रमुखांना निर्णय ७ पाठवून लेखी होकार किंवा नकार घेणे. मीना. सोमवार, १६ जून.
काम २२: जुनी प्रणाली केवळ पाहण्यासाठी २८ जूननंतर किती काळ चालू ठेवता येईल, याचे सर्व्हर टीमकडून लेखी उत्तर मिळवणे. सुहास. गुरुवार, १२ जून.
काम २३: निर्णय ७ च्या निकषात बसणाऱ्या ग्राहकांची, दुबार नोंदी काढलेली यादी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवून रेखाला कळवणे. सुहास. शुक्रवार, १३ जून.
काम २४: त्या यादीतल्या ५० नोंदी जुन्या प्रणालीशी ताडून पाहणे व सापडलेले फरक त्याच फोल्डरमध्ये लिहिणे. रेखा. सोमवार, १६ जून.

आता हे असं का, ते सांगतो. निर्णय आणि कामं वेगळी ठेवली आहेत, कारण दोघांचं आयुष्य वेगळं असतं. काम झालं की बंद होतं. निर्णय मात्र बदलेपर्यंत लागू राहतो आणि सहा महिन्यांनी टीममध्ये आलेल्या माणसालाही तो सापडावा लागतो. म्हणून निर्णयांना प्रोजेक्टभर एकच सलग क्रमांक द्या, प्रत्येक मीटिंगला नव्याने एकपासून सुरुवात करू नका. पुढे हा निर्णय बदलला तर जुन्या मिनिट्समधली ओळ खोडायची नाही. नव्या निर्णयात ‘निर्णय ७ ऐवजी’ एवढं लिहायचं. ‘हे कुठे ठरलं होतं?’ या प्रश्नाला मग एका आकड्यात उत्तर देता येतं.

निर्णयाचं वाक्य त्या दिवशी रजेवर असलेल्या माणसाला एकट्याने वाचून कळलं पाहिजे. ‘दुसरा पर्याय स्वीकारला’ किंवा ‘सुहास यांनी सुचवल्याप्रमाणे’ असं लिहिलं, तर ज्यांनी ऐकलं होतं त्यांनाच ते कळतं, आणि महिन्याभराने त्यांनाही कळत नाही. कारण एक-दोन ओळींत जरूर लिहा, आणि जो पर्याय सोडला तो का सोडला हेही त्यातच आणा. कारण लिहिलेलं नसलं की सोडलेला पर्याय दर दोन-तीन मीटिंगांनी कुणीतरी नव्याने मांडतं आणि सगळी चर्चा पहिल्यापासून होते. चर्चेतला मिनिट्समध्ये टिकवण्यासारखा भाग बहुतेक वेळा एवढाच असतो. कोण काय म्हणालं याची संवादासारखी नोंद ठेवू नका. तशी नोंद असली की लोक पुढच्या वेळी जपून बोलतात आणि रेखासारखा स्पष्ट आक्षेप कुणी घेत नाही. तिचा आक्षेप वरच्या नोंदीत आहे, पण धोका म्हणून आहे, तिच्या नावावर चिकटवलेला नाही. कुणी स्वतःहून म्हटलं की ‘माझा विरोध नावानिशी नोंदवा’, तर तो एका वाक्यात, त्याच्याच शब्दांत नोंदवा आणि ते वाक्य त्याला वाचून दाखवा.

कामाच्या ओळीत सगळ्यात जास्त फसवतं ते क्रियापद. समन्वय साधणे, पाठपुरावा करणे, लक्ष देणे, बघून घेणे: ही कामं कधी पूर्ण होतात ते सांगताच येत नाही. काम लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारा, हे झालं की कोणाच्या हातात काय पडेल? काम २२ मध्ये ‘सर्व्हर टीमशी बोलणे’ लिहिलं असतं, तर सुहासने एक फोन केला की काम झालं, मग उत्तर मिळो ना मिळो. ‘लेखी उत्तर मिळवणे’ म्हटल्यावर उत्तर येईपर्यंत ती ओळ उघडी राहते. काम २३ मध्येही ‘रेखाला कळवणे’ मुद्दाम घातलं आहे. एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथेच दिवस वाया जातात. यादी शुक्रवारी तयार होऊन फोल्डरमध्ये पडून राहते आणि रेखाला सोमवारी दुपारी कळतं, असं फार सहज होतं.

एका कामाला एकच नाव. दोघं मिळून करणार असले तरी जबाबदार एकच आणि दुसऱ्याचं नाव मदतीला. ‘सुहास / रेखा’ असं लिहिलं की सुहासला वाटतं रेखा करते आहे आणि रेखाला वाटतं सुहास. दोघांनी खरंच वेगवेगळा भाग करायचा असेल तर ती दोन कामं आहेत, दोन ओळी करा, जशा वर २३ आणि २४ केल्या आहेत. विभागाचं किंवा टीमचं नाव जबाबदार म्हणून कधीच लिहू नका. जो माणूस मीटिंगला नव्हता त्याच्या नावावरही परस्पर काम टाकू नका. सर्व्हर टीमचं कुणी हजर नव्हतं, म्हणून काम त्यांच्या नावावर न घालता त्यांच्याकडून उत्तर आणण्याचं काम हजर असलेल्या सुहासला दिलं. अगदीच गैरहजर माणसाच्या नावावर काम घालावं लागलं, तर त्याच्याशी बोलून होकार आणण्याचं काम हजर असलेल्या कुणाला तरी द्या आणि तो येईपर्यंत ओळीत ‘होकार बाकी’ लिहा. ‘हे माझ्याकडे नव्हतं’ ही तुमच्याकडची तक्रार बरीचशी या एका ठिकाणाहून येत असणार.

मॅनेजरने स्वतः करायच्या कामांपुढेही नाव आणि तारीख हवीच. वरिष्ठांच्या नावापुढे मुदत लिहायला पुष्कळांना संकोच वाटतो, आणि मग नेमकी तीच कामं अडकतात, कारण होकार आणणं, पैसे मंजूर करणं अशी इतरांना मोकळं करणारी कामं त्यांच्याकडेच असतात.

तारखेबद्दल दोन गोष्टी. पहिली, तारीख काम करणाऱ्याच्या तोंडून यायला हवी. मॅनेजरला अमुक दिवस हवा असेल तर त्याने तो मागावा, पण ‘हो, जमेल’ हे काम करणाऱ्याने म्हणायला हवं. लादलेल्या तारखेला माणूस मीटिंगमध्ये काही बोलत नाही, ती निघून गेल्यावर बोलतो. दुसरी, वार आणि तारीख दोन्ही लिहा. ‘या आठवड्यात’ म्हणताना सुहासच्या मनात शनिवार असू शकतो आणि रेखाच्या मनात गुरुवार. वार लिहिल्याने आकड्यातली चूकही लगेच दिसते. वरची तारखांची साखळी पाहा. २८ पासून मागे येत १७ ची मीटिंग हा टप्पा धरला. त्या मीटिंगमध्ये अट पूर्ण झाली की नाही ते सांगता यायला हवं, म्हणून अकाउंट्सचा होकार आणि रेखाची तपासणी १६ ला. तपासणीसाठी यादी आधी हवी, म्हणून ती १३ ला. सर्व्हर टीमचं उत्तर १२ ला, कारण ते नकारार्थी आलं तर निर्णय ७ चा दुसरा भागच कोसळतो आणि मीनाला पुढच्या मीटिंगची वाट बघत बसता येणार नाही. सगळ्या कामांपुढे पुढच्या मीटिंगचीच तारीख दिसू लागली, तर समजा की तारखांचा विचार कुणी केलेला नाही. तशी कामं मीटिंगच्या आदल्या रात्री होतात आणि एकमेकांवर अवलंबून असलेली होतच नाहीत.

काही कामांना तारीख देताच येत नाही, कारण ती बाहेरच्या कशावर तरी अडलेली असतात. अशा वेळी कामाची तारीख न लिहिता, ‘तारीख सांगण्याची तारीख’ लिहा: ‘नवा सर्व्हर कधी मिळेल हे विचारून पक्की तारीख कळवणे. सुहास. बुधवार, ११ जून.’

आता निर्णय न झालेल्या विषयाबद्दल, कारण मिनिट्समध्ये सगळ्यात जास्त गाळला जाणारा भाग हाच आहे. वीस मिनिटं बोलून काहीच ठरलं नाही, तर लिहिणाऱ्याला वाटतं की लिहिण्यासारखं काही झालं नाही, किंवा ‘सकारात्मक चर्चा झाली’ असं लिहून तो मोकळा होतो. पुढे कुणीतरी त्यातून आपल्याला हवा तो निर्णय वाचतं. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘निर्णय झाला नाही. प्रश्न: नव्या प्रणालीत प्रवेशाचे अधिकार कोणाला द्यायचे? अडले कशावर: विभागांकडून याद्या आलेल्या नाहीत. निर्णय मीना घेतील, १७ जूनला.’ आणि त्या याद्या आणण्याचं काम लगेच खाली, नाव-तारखेसह. ‘निर्णय झाला नाही’ हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं की कधीकधी तिथल्या तिथे निर्णय होऊनही जातो.

प्रत्येक विषयानंतर थांबवणं जमत नसेल, घाईची मीटिंग असेल, तर निदान शेवटची सात-आठ मिनिटं राखून ठेवा आणि फक्त निर्णय आणि कामं वाचा. ही वेळ मॅनेजरशी आधी बोलून विषयपत्रिकेत शेवटचा विषय म्हणून घालून घ्या. मग मध्येच बोलायचं ओझं तुमच्यावर राहत नाही, आणि तुम्ही टीममध्ये सगळ्यात नवीन असाल तर याचा फारच उपयोग होतो. मीटिंग स्क्रीनवर असेल तर लिहितानाच ती ओळ सगळ्यांना दिसू द्या. आपलं नाव आणि तारीख डोळ्यांसमोर टाइप होताना पाहिलेला माणूस नंतर ती नाकारत नाही.

मिनिट्स त्याच दिवशी पाठवा, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. १२ तारखेचं काम ज्या मिनिट्समध्ये आहे ती १२ ला संध्याकाळी पोचली तर काय उपयोग? मेलमध्ये सगळ्यात वर कामं, नावांप्रमाणे लावलेली, म्हणजे प्रत्येकाला आपलं लगेच दिसेल. त्याखाली निर्णय. हजेरी, गैरहजेरी, पार्श्वभूमी सगळं शेवटी. तुमची दोन-तीन पानं एका पानावर येतील. शेवटी एक वाक्य: ‘दुरुस्ती असल्यास गुरुवार दुपारपर्यंत सर्वांना उत्तर पाठवून कळवावी, त्यानंतर ही मिनिट्स अंतिम धरली जातील.’ ‘सर्वांना उत्तर’ यासाठी, की एकट्या तुमच्याशी बोलून निर्णयाचे शब्द बदलण्याचा प्रयत्न होतो. चुकीची तारीख किंवा नाव तुम्ही दुरुस्त करू शकता. निर्णयाचा अर्थ बदलणारी दुरुस्ती मात्र ज्याने निर्णय घेतला त्याच्याकडून सगळ्यांसमोर यायला हवी. पाठवलेली फाइल गुपचूप बदलू नका. दुरुस्ती झाली की तारीख घालून नवी प्रत पाठवा आणि काय बदललं ते मेलमध्येच लिहा.

पुढच्या मंगळवारी मीटिंगची सुरुवात उघड्या कामांच्या यादीने करा. ही यादी एका शेअर केलेल्या शीटमध्ये सलग ठेवा. कामाचा क्रमांक, काम, नाव, मूळ तारीख, सध्याची तारीख, स्थिती, एवढे स्तंभ पुरतात. झालेल्या कामांवर बोलायचं नाही, फक्त क्रमांक वाचायचा. राहिलेल्या कामाला नवी तारीख मिळाली तर मूळ तारीख पुसायची नाही, म्हणूनच तिचा स्तंभ वेगळा आहे. तो नसेल तर पाच वेळा पुढे ढकललेलं कामही शीटमध्ये अगदी वेळेवर असल्यासारखं दिसतं. एखादं काम तिसऱ्यांदा पुढे जात असेल तर त्याला चौथी तारीख देऊ नका. ते निर्णयासाठी ठेवा: हे काम अजून हवं आहे का, या माणसाकडे वेळ आहे का, की याच्या आड दुसरंच काही येतंय? अशा कामांपैकी बऱ्याच कामांची गरज केव्हाच संपलेली असते. ती ‘रद्द’ लिहून, कोणी रद्द केलं त्या नावासकट बंद करा.

हे सगळं नेहमीच्या प्रोजेक्ट मीटिंगपुरतं झालं. कंपनीच्या संचालक मंडळाच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या सभांच्या इतिवृत्ताला कायद्याचे आणि संस्थेच्या नियमांचे ठरलेले नमुने असतात. तिथे नमुना बदलू नका. दहा मिनिटांच्या रोजच्या उभ्या मीटिंगला मिनिट्सची गरजच नाही. तिथे एखादा निर्णय झालाच, तर तेवढी एक ओळ निर्णयांच्या यादीत पुढचा क्रमांक देऊन टाका आणि टीमच्या ग्रुपवर पाठवा.